व्हॉट्सअ‍ॅपने फोन भरलाय? मेसेज न गमावता फोटो-व्हिडिओ कसे काढायचे

"Storage almost full" असं फोन सांगू लागला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण गॅलरी उघडून हाताला लागतील ते फोटो उडवतात. बाकीचे थेट ग्रुपमध्ये जाऊन "Clear chat" दाबतात. पहिल्या प्रकारात जागा फारशी सुटत नाही, दुसऱ्यात जागा सुटते पण वर्षांनुवर्षांचा मजकूरही जातो. या दोन्हींच्या मधला एक सरळ रस्ता आहे. निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या माझ्या मामांच्या फोनवर तो कसा वापरला ते इथे सांगतो. त्यांची अडचण अशी की बागेच्या सल्लागारांच्या ग्रुपवरचा एकही मेसेज जायला नको होता. कोणत्या प्लॉटला कोणत्या तारखेला काय फवारलं, हे सगळं त्या ग्रुपवरच लिहिलेलं. निर्यातीचा माल असेल तर ही नोंद तारखेसकट लागते. "फोटो गेले तरी चालतील रे, पण साहेबांनी लिहिलेलं गेलं तर मी मेलोच," असं ते म्हणाले.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मेसेज एका जागी असतात आणि फोटो-व्हिडिओच्या फाइली दुसऱ्या जागी. मेसेज अ‍ॅपच्या आतल्या एका डेटाबेसमध्ये असतात, तिथे आपला हात पोचत नाही. फाइली मात्र फोनच्या साध्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात. चॅटमध्ये दिसणारा फोटो म्हणजे डेटाबेसमधली एक नोंद, जी फोल्डरमधल्या फाइलकडे बोट दाखवते. तुम्ही नोंद पुसताय की फाइल, यावर मजकूर राहतो की जातो हे ठरतं.

खालच्या पायऱ्या अँड्रॉइड फोनसाठी आहेत. आयफोनचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय. कंपनीप्रमाणे आणि अ‍ॅपच्या आवृत्तीप्रमाणे मेनूतले शब्द थोडे इकडेतिकडे होतात, ते चालवून घ्या.

काय काय जवळ ठेवायचं

- फोनचं चार्जर, आणि बॅटरी निम्म्याच्या वर.
- वाय-फाय. बॅकअप मोबाइल डेटावर घ्यायला गेलात तर दिवसाचा कोटा त्यातच संपेल.
- कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, आणि डेटा जाणारी यूएसबी केबल. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात. केबल लावल्यावर फोनवर "File transfer" चा पर्याय आलाच नाही तर आधी केबल बदलून बघा.
- ज्या गुगल खात्यावर बॅकअप जातो त्याचा पासवर्ड. मोठ्या माणसांच्या फोनमध्ये हे खातं दुकानदाराने उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. तो आजच शोधा, फोन बंद पडल्यावर नाही.
- फोनमध्ये फाइल मॅनेजर. नसेल तर गुगलचं "Files" अ‍ॅप पुरेसं आहे.

"क्लीनर" नावाने मिळणारी अ‍ॅप या यादीत नाहीत. तुमच्या कोणत्या फोटोखाली कामाचा मजकूर आहे हे त्यांना कळत नाही.

१. आधी नुसतं बघा, काही पुसू नका

व्हॉट्सअ‍ॅप उघडा, वरच्या तीन ठिपक्यांतून "Settings" मध्ये जा, तिथे "Storage and data" आणि मग "Manage storage". सगळ्यात वर एक पट्टी दिसेल: व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडियाने किती जागा घेतली, बाकीच्या अ‍ॅपने किती, आणि मोकळी किती. खाली मोठ्या फाइलींचा आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्यांचा वेगळा कप्पा असतो. त्याच्याखाली तुमच्या सगळ्या चॅट, सर्वांत जड चॅट वर, अशा क्रमाने लागलेल्या दिसतात.

मामांचा फोन ६४ जीबीचा. मोकळी जागा १.१ जीबी आणि व्हॉट्सअ‍ॅपचे १९ जीबी. यादीत पहिला होता भाऊबंदांचा ग्रुप, ५.२ जीबी. त्याखाली द्राक्षबागेचा ग्रुप ४.६, दहावीच्या मित्रांचा ३.९ आणि गावच्या यात्रेचा २.१. बाकी सगळ्या चॅट मिळून ३.२ जीबी. म्हणजे चार ग्रुपमध्येच जवळपास १६ जीबी अडकले होते. बहुतेकांच्या फोनमध्ये असंच निघतं. शंभर चॅट चाळत बसायची गरज नसते, वरच्या चार-पाच बघितल्या की काम होतं.

हे आकडे कागदावर लिहून ठेवा, नाहीतर स्क्रीनशॉट काढा. नंतर ताळा करताना लागतील.

२. मजकुराचं वजन किती ते बघा

लोक मेसेज पुसतात ते "जुनं चॅट काढलं की जागा होईल" या समजुतीने. हे तपासून बघता येतं. फाइल मॅनेजरमध्ये या फोल्डरपर्यंत जा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

इथे `msgstore.db.crypt14` किंवा `msgstore.db.crypt15` अशी एक फाइल असेल. व्हॉट्सअ‍ॅप रोज पहाटे दोनच्या सुमाराला फोनमध्येच सगळ्या मेसेजची एक प्रत काढून ठेवतं, ती ही. कुलूपबंद असल्यामुळे उघडून वाचता येत नाही, पण तिचा आकार दिसतो. मामांच्या फोनवर ती १४० एमबीची होती. प्रत दाबून लहान केलेली असते, त्यामुळे आतला खरा डेटाबेस याहून मोठा धरा. तरीही १९ जीबीपुढे तो किस झाड की पत्ती.

हिशोब सोपा आहे. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. शंभर चिन्हांचा मेसेज म्हणजे ३०० बाइट. असे एक लाख मेसेज झाले तरी ३० एमबी. लग्नाच्या हळदीचे दोन-तीन व्हिडिओ एवढी जागा सहज घेतात. त्यात तारखा, नावं, फोटोंच्या छोट्या धूसर प्रतिमा यांची भर पडते, म्हणून फाइल थोडी फुगते, इतकंच. मजकूर पुसून जागा होत नाही, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की "Clear chat" कडे बोट जात नाही.

याच फोल्डरमध्ये `msgstore-2025-01-10.1.db.crypt14` अशा, नावात तारीख असलेल्या आणखी काही फाइली दिसतील. त्या मागच्या दिवसांच्या प्रती. त्यांना आत्ता हात लावू नका. सगळं काम नीट पार पडलं, मेसेज जागेवर आहेत याची खात्री झाली, की शेवटी तारखेच्या जुन्या प्रती काढता येतात. मामांच्या फोनमध्ये त्यांचेच मिळून पाऊण जीबीच्या वर होते. तारीख नसलेली फाइल मात्र कायम ठेवायची.

३. बॅकअप घ्या, पण त्याच्या भरवशावर फोटो पुसू नका

"Settings", मग "Chats", मग "Chat backup". शेवटचा बॅकअप कधी झाला आणि केवढा आहे ते वरच लिहिलेलं असतं. तारीख सहा महिन्यांपूर्वीची असेल तर बहुधा गुगल खात्यातली जागा संपली आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पूर्वी गुगलच्या मोफत १५ जीबीत मोजला जात नसे, २०२४ मध्ये तो मोजायला सुरुवात झाली. त्यामुळे पूर्वी बिनबोभाट होणारे बॅकअप अनेकांचे गुपचूप अडकलेत. अशा वेळी "Include videos" बंद करा आणि "Back up" दाबा. मेसेज आणि फोटो तरी वर जातील. तरीही अडलं तर खात्यातल्या इतर गोष्टी काढून जागा करा.

आता सापळा. हा बॅकअप म्हणजे कायमची साठवण नाही. नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो. आज तुम्ही फोनमधून फोटो पुसले आणि रात्री नवा बॅकअप झाला, की तो पुसल्यानंतरच्या फोनचा. "गुगलवर आहे ना" म्हणून फोटो उडवणाऱ्यांना हे नवा फोन घेतल्यावर कळतं. बॅकअप घ्यायचा तो आज काम करताना काही चुकलंच तर मेसेज परत आणता यावेत म्हणून. फोटो हवे असतील तर पुढची पायरी.

एखाद्या चॅटचा मजकूर फारच मोलाचा असेल तर त्याची वेगळी प्रत काढा. ती चॅट उघडा, तीन ठिपके, "More", "Export chat", आणि "Without media". साधी `.txt` फाइल तयार होते, ती स्वतःला ईमेल करा. एका वेळी किती मेसेज बाहेर निघतात याला मर्यादा आहे, त्यामुळे फार जुन्या ग्रुपचं अगदी सुरुवातीचं त्यात येणार नाही. फाइल उघडून पहिली तारीख कोणती आहे ते बघूनच निर्धास्त व्हा. मामांच्या ग्रुपची फाइल त्यांनी सायबर कॅफेतून छापून आणली आणि बागेच्या वहीला टाचली. हा उद्योग मला तरी सुचला नसता.

४. हवे ते फोटो कॉम्प्युटरवर उतरवा

केबल लावा, फोनवर "File transfer" निवडा, आणि कॉम्प्युटरवर फोन उघडून इथे या:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

आत `WhatsApp Images`, `WhatsApp Video`, `WhatsApp Documents`, `WhatsApp Voice Notes` असे फोल्डर असतात. प्रत्येकावर राइट-क्लिक करून आकार बघा, कोण किती जागा खातंय ते इथे प्रकारानुसार कळतं. जुन्या फोनमध्ये हा `WhatsApp` फोल्डर वरच, थेट मुख्य मेमरीत सापडू शकतो.

अख्खा `Media` फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करा. कट नको, कॉपीच. मध्येच केबल हलली आणि कट अर्धवट राहिला तर काय कुठे गेलं याचा पत्ता लागत नाही. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळते का बघा आणि चार-पाच फोटो, एक-दोन व्हिडिओ उघडून खात्री करा.

फाइलींची नावं बघून घाबरू नका. `IMG-20240115-WA0003.jpg` याचा अर्थ १५ जानेवारी २०२४ चा फोटो, त्या दिवसातला चौथा किंवा त्याच्या आसपासचा. `VID` म्हणजे व्हिडिओ, `PTT` म्हणजे माइक दाबून पाठवलेला आवाज. नावातच तारीख असल्यामुळे बारसं, साखरपुडा शोधायला वेळ लागत नाही.

`WhatsApp Images` आणि `WhatsApp Video` च्या आत `Sent` नावाचा फोल्डर असतो. तुम्ही पाठवलेल्या गोष्टींच्या प्रती तिथे साचतात. कॅमेऱ्याने काढलेला मूळ फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये वेगळा असतो आणि बहुतेक वेळा तोच जास्त स्पष्ट असतो. म्हणून मूळ फोटो शाबूत असेल तर `Sent` मधली प्रत जपायचं कारण नाही.

५. फालतू ग्रुप: व्हॉट्सअ‍ॅपच्या आतूनच पुसा

आता पुसायला सुरुवात. आधी ते ग्रुप घ्या ज्यातल्या फोटोखालचा मजकूर गेला तरी काही बिघडत नाही. सुप्रभात, चारोळ्या, यात्रेचे व्हिडिओ, निवडणुकीच्या काळात आलेलं सगळं.

पुन्हा "Manage storage" मध्ये जा. पहिल्यांदा ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइलींचा कप्पा उघडा. क्रम बदलायच्या खुणेवर बोट ठेवून सर्वांत मोठी फाइल आधी, असं लावा. वरच्या वीस-पंचवीस गोष्टी नीट बघा. मामांकडे तिथे एका ट्रॅक्टर कंपनीचं माहितीपत्रक, दोन पूर्ण लांबीची कीर्तनं आणि तोच तो पुराचा व्हिडिओ चार ग्रुपांतून आलेला, असा ऐवज निघाला. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची एकच फाइल पाठवता येते, त्यामुळे अख्खा सिनेमाही इथे सापडू शकतो.

त्यानंतर यादीतून एकेका ग्रुपमध्ये शिरा. एखाद्या चौकटीवर बोट दाबून धरा, मग हवं ते निवडत जा किंवा सगळं एकदम निवडा आणि ठेवायचं त्यावरची खूण काढा. दुसरी पद्धत मोठ्या ग्रुपला बरी पडते. मग कचऱ्याच्या डब्याची खूण.

इथे एक खिडकी येते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. निवडलेल्या गोष्टींच्या प्रती दुसऱ्या चॅटमध्येही असतील तर त्याही काढायच्या का, असं ती विचारते. हा पर्याय न घेता पुसलं तर दुसऱ्या ग्रुपमधली नोंद त्याच फाइलकडे बोट दाखवत राहते, मग फाइल जागेवरच राहते. भाऊबंदांच्या ग्रुपमधून चार जीबी निवडले आणि जागा अडीचच सुटली, असं दिसलं तर कारण बहुधा हेच असतं. सुप्रभातीच्या बाबतीत प्रतींसकट पुसा. पण तीच फाइल तुम्ही कामाच्या ग्रुपमध्येही पाठवलेली असेल, तर तिथलीही जाईल, याचं भान ठेवा. तारांकित गोष्टी निवडीत आल्या असतील तर त्यांच्याबद्दल वेगळं विचारलं जातं. तिथे हो म्हणू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: या रस्त्याने पुसलं की नोंद आणि फाइल दोन्ही जातात. साधे मजकुराचे मेसेज जागचे हलत नाहीत. पण फोटोच्या खाली लिहिलेला मजकूर हा त्या फोटोच्याच नोंदीचा भाग असतो, तो फोटोबरोबर जातो. "मेसेज सुरक्षित राहतात" असं सगळीकडे सांगितलं जातं त्यातली ही फट आहे.

या पायरीत मामांच्या तीन ग्रुपांमधून, घरचे काही फोटो ठेवून, दहा जीबी सुटले.

६. कामाचे ग्रुप: फाइल मॅनेजरमधून पुसा

द्राक्षाच्या ग्रुपची गोष्ट वेगळी. मामा रोगट पानाचा फोटो टाकतात आणि खाली "खालचा प्लॉट, छाटणीनंतर ४२ वा दिवस" असं लिहितात. साहेब उलट दुसऱ्या पानाचा फोटो टाकून त्याखाली लिहितात, "पानामागे अशी पांढरी बुरशी दिसली तर डाऊनी समजा, भुरी नाही. पाऊस उघडला की लगेच फवारणी घ्या." म्हणजे अर्धी नोंद फोटोंच्या खालीच. ती वरच्या पद्धतीने पुसली तर चॅटमध्ये नुसतं "ठीक आहे साहेब" उरेल.

अशा ग्रुपसाठी नोंदीला हात न लावता फक्त फाइल काढायची. फोनवरचा फाइल मॅनेजर उघडा, वर दिलेल्या `Media` फोल्डरमध्ये `WhatsApp Video` उघडा, आकारानुसार क्रम लावा आणि मोठे व्हिडिओ एकेक बघत पुसा. चॅटमध्ये परत गेलात तर व्हिडिओच्या जागी धूसर चौकट दिसेल, तिच्यावर बोट ठेवलं तर फाइल सापडत नाही असा निरोप येईल. खालचा मजकूर मात्र जसाच्या तसा असेल. तारीखही, कुणी पाठवलं तेही.

आधी एकाच व्हिडिओवर करून बघा. चॅटमध्ये जाऊन मजकूर आहे ना याची खात्री करा आणि मगच बाकीचे काढा.

या पद्धतीची एक अडचण आहे. फोल्डरमध्ये सगळ्या ग्रुपच्या फाइली एकत्र पडलेल्या असतात, कोणती कुठली हे नावावरून कळत नाही. म्हणून तर फालतू ग्रुप आधी उरकायचे. पाचवी पायरी झाली की फोल्डरमध्ये उरलेलं बरंचसं कामाच्याच ग्रुपांचं असतं आणि शोधाशोध कमी होते. हा क्रम उलटा करू नका.

फोटोंच्या मागे मात्र लागू नका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करून पाठवतं, त्यांचं वजन थोडं असतं. द्राक्षाच्या ग्रुपच्या ४.६ जीबीत सव्वातीन जीबी व्हिडिओच होते. छाटणीची प्रात्यक्षिकं, ब्लोअरची जाहिरात, कुणाच्या तरी बागेतली चक्कर. त्यातले तीन जीबी काढले, पानांचे फोटो सगळे ठेवले. आवाजाच्या नोंदींनाही हात लावला नाही, साहेब गाडी चालवताना बोलून पाठवतात त्यातच खरा सल्ला असतो आणि त्या जागाही फार घेत नाहीत.

आयफोनवर हा रस्ता नाही, तिथे व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइलींपर्यंत बाहेरून पोचता येत नाही. तिथे पुसण्याआधी कामाच्या फोटोवर बोट दाबून धरा, खालचा मजकूर कॉपी करा आणि स्वतःलाच मेसेज म्हणून पाठवून ठेवा. कटकटीचं आहे, पण मोजक्या नोंदींसाठी चालतं. शिवाय "Save to Photos" चालू असेल तर फोटोंची दुसरी प्रत आयफोनच्या "Photos" मध्ये असते, ती व्हॉट्सअ‍ॅपमधून पुसल्यावरही तिथेच राहते.

७. पुसलं तरी जागा दिसत नसेल तर

फाइल मॅनेजर किंवा गॅलरीतून काढलेल्या गोष्टी बऱ्याच फोनमध्ये लगेच नष्ट होत नाहीत, कचरापेटीत जाऊन बसतात. महिनाभर किंवा जास्तही त्या तिथेच जागा अडवतात. "Files", गॅलरी आणि "Google Photos", तिन्हींच्या "Trash" किंवा "Bin" वेगवेगळ्या असतात, तिन्ही बघा. रिकामी करायची घाई मात्र करू नका. एक-दोन दिवस फोन वापरा, काही चुकून गेलं नाही ना ते बघा आणि मग रिकामी करा.

"Google Photos" बद्दल आणखी एक. तुमचा `WhatsApp Images` फोल्डर तिथे वर चढत असेल आणि तुम्ही त्या अ‍ॅपमधून फोटो पुसलात, तर फोनमधलाही जातो आणि वरचाही. फक्त फोनमधला काढायचा असेल तर फाइल मॅनेजर वापरा.

शेवटी "Manage storage" उघडून पहिल्या पायरीच्या आकड्यांशी ताळा घ्या. मामांच्या फोनवर १.१ जीबीचे १४ जीबी मोकळे झाले आणि साहेबांचा एकही शब्द हलला नाही. जुन्या तारखेच्या डेटाबेस प्रती काढल्यावर आणखी थोडी भर पडली.

ही बटणं दाबायची नाहीत

फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या माहितीत "Clear cache" आणि "Clear data" शेजारी शेजारी असतात. काही फोनमध्ये दुसऱ्याचं नाव "Clear storage" असतं. पहिलं निरुपद्रवी आहे, दुसऱ्याने मेसेजसकट सगळं जातं आणि मग तुम्ही पूर्णपणे बॅकअपच्या हवाली. दुरुस्तीच्या दुकानात फोन "हलका करून" देताना नेमकं हेच दाबलं जाऊ शकतं, म्हणून दुकानात देण्याआधी तसं बजावून सांगा.

"Clear chat" मजकूर पुसतं, हे वर आलंच. गायब होणारे मेसेज, म्हणजे "Disappearing messages", हा जागा वाचवायचा उपाय म्हणून सुचवला जातो. त्यात नव्या मेसेजचा मजकूरही ठरलेल्या मुदतीत जातो, त्यामुळे कामाच्या ग्रुपवर तो नकोच. आणि "Media visibility" बंद केल्याने नवे फोटो फक्त गॅलरीत दिसायचे थांबतात, फाइली तेवढीच जागा घेत राहतात.

८. पुन्हा भरू नये म्हणून

"Storage and data" मध्येच "Media auto-download" आहे. मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग अशा तिन्हींसाठी वेगळ्या खुणा असतात. तिन्हीकडे व्हिडिओ आणि डॉक्युमेंटवरची खूण काढा. लोक मोबाइल डेटावरची काढतात आणि वाय-फायवरची विसरतात, मग घरी आल्याबरोबर दिवसभराचे व्हिडिओ उतरतात. आवाजाच्या नोंदी या सेटिंगला जुमानत नाहीत, त्या आपोआप येतातच.

फोटोंची खूण मामांनी चालू ठेवली. ती बंद केली तर फोटो धूसर दिसतो आणि बोट ठेवल्यावर उतरतो, त्यामुळे जागा वाचते खरी. पण न उतरवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपकडे कायमचा थांबत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी उघडायला गेलात तर तो मिळेलच असं नाही, मग पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगावं लागतं. तुम्ही ती खूण बंद करणार असाल तर कामाच्या ग्रुपवरचे फोटो आले त्याच दिवशी उघडून घ्या.